गोळी जिवाणूला अडवते, मग आपल्याला का नाही?

दर पावसाळ्यात येणारी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर मिळणाऱ्या गोळीपासून ती सुरू होतात आणि क्षयाच्या औषधांपर्यंत जातात. उत्तरे एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून ती क्रमाने वाचावीत.

प्रश्न : अंधेरी सबवेजवळ गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या दोन कॅप्सूल एकदम घ्यायला लावल्या. हे औषध जिवाणूचा रायबोसोम बंद पाडते, असे वाचले. रायबोसोम तर आपल्याही प्रत्येक पेशीत असतात. मग आपले काम कसे बंद पडत नाही?
— एक वाचक, अंधेरी पूर्व

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. उंदीर, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू पाण्यात उतरतो आणि पायावरच्या जखमेतून, खरचटलेल्या किंवा पाण्याने मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो. म्हणून आता मोठ्या पावसानंतर महापालिका आवाहन करते, की अशा पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. पायाला जखम नसेल आणि एकदाच पाण्यातून जाणे झाले असेल, तर प्रौढांना डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. तुमच्या दोन कॅप्सूल म्हणजे तोच डोस. जखम असेल किंवा रोजच पाण्यात उतरावे लागत असेल, तर डोस वाढतो.

आता रायबोसोमकडे वळू. पेशीला लागणारे प्रत्येक प्रथिन रायबोसोमवर तयार होते. जनुकाची नक्कल आरएनएच्या लांब धाग्यावर उतरलेली असते. रायबोसोम हा धागा तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक तीन अक्षरांसाठी एक अमिनो आम्ल साखळीला जोडतो. ही अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या छोट्या रेणूंना टीआरएनए म्हणतात. रायबोसोमचे दोन भाग असतात. लहान भाग संदेश वाचतो, मोठा भाग अमिनो आम्ले जोडतो. जिवाणूच्या रायबोसोमला ७०-एस आणि आपल्या पेशीतील रायबोसोमला ८०-एस म्हणतात. 'एस' हे अतिवेगाने फिरवल्यावर तो कण किती लवकर तळाशी बसतो, याचे माप आहे. आपला रायबोसोम अधिक मोठा आणि अधिक जड आहे, एवढे त्यातून कळते.

पण फरक नुसता आकाराचा असता, तर औषध बनवणे अवघड झाले असते. दोन्ही रायबोसोमांचा गाभा एकाच पूर्वजाकडून आलेला आहे, दोघांची काम करण्याची पद्धत एकच आहे आणि गाभ्यातला बराचसा आरएनए अजूनही जुळतो. प्रत्यक्षात हे काम मुख्यतः आरएनएच करतो, प्रथिने त्याला आधार देतात. त्यामुळे औषधाला पकड मिळते ती आरएनएच्या घडीत, अगदी मोजक्या अक्षरांच्या आसपास.

डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिन या गटातले औषध आहे. ते रायबोसोमच्या लहान भागावर, नवा टीआरएनए जिथे येऊन टेकतो त्या जागेत बसते. टीआरएनए येतो, पण नीट बसू शकत नाही आणि परत जातो. प्रथिनांची साखळी तिथेच थांबते. जिवाणू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ खुंटते आणि उरलेले काम आपली प्रतिकारशक्ती करते. औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला अठरा ते वीस तास लागतात. रक्तात पाय रोवण्याआधीच्या मोजक्या जिवाणूंना अडवायला म्हणूनच एक डोसही उपयोगी पडतो.

टेट्रासायक्लिनची पकड आरएनएच्या अक्षरांपेक्षा त्याच्या कण्यावर जास्त असते आणि कणा सर्वांचा सारखाच असतो. त्यामुळे परीक्षानळीत प्रमाण बरेच वाढवले, तर ते माणसाच्या रायबोसोमलाही अडवू शकते. आपण सुरक्षित राहतो, याचे एक मोठे कारण औषध कुठे साठते हे आहे. जिवाणू आपल्या आवरणातील ऊर्जेच्या जोरावर हे औषध आत ओढून घेतो आणि त्याच्या आत ते बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात जमा होते. आपल्या पेशींत ते तसे जमत नाही. थोडक्यात, तुमच्या कॅप्सूलची निवडक मारकता लक्ष्याच्या फरकातून येते, तशीच औषध आत जाण्याच्या फरकातूनही येते.

घेताना एवढे लक्षात ठेवा : काहीतरी खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत कॅप्सूल अडकून जखम होऊ शकते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, औषध त्यांना चिकटते आणि शोषले जात नाही. आणि डोस घेतला असला तरी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे किंवा कावीळ यांपैकी काही दिसले, तर थेट रुग्णालयात जा. प्रतिबंधक डोस म्हणजे उपचार नव्हे.

प्रश्न : माझी सून साचलेल्या पाण्यातून चालली होती. ती पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला डॉक्सिसायक्लिन न देता अझिथ्रोमायसिन दिले. तेही रायबोसोमवरच काम करते म्हणतात. मग ते गरोदरपणात अधिक सुरक्षित कसे?
— एक वाचक, बोरिवली पश्चिम

आधी डॉक्सिसायक्लिन का नाही, ते पाहू. त्याचे कारण रायबोसोमशी संबंधित नाही. टेट्रासायक्लिन गटातील औषधे कॅल्शियमला घट्ट धरतात. गर्भाचे आणि लहान मुलांचे दात व हाडे बनत असताना ती त्यात अडकतात आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होऊ शकतात. म्हणून गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांच्यासाठी महापालिकेच्या सूचनांत अझिथ्रोमायसिनचा पर्याय ठेवलेला असतो.

अझिथ्रोमायसिनचा रायबोसोमशी संबंध मात्र फार नेमका आहे. हे मॅक्रोलाइड गटाचे औषध रायबोसोमच्या मोठ्या भागावर काम करते. अमिनो आम्ले जोडून तयार झालेली साखळी मोठ्या भागातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. अझिथ्रोमायसिन त्या बोगद्याच्या सुरुवातीलाच बसते. साखळी थोडी लांब झाली की तिला पुढे वाट मिळत नाही.

बोगद्यातल्या त्या जागी औषधाची साखर आरएनएच्या एका विशिष्ट अक्षराला टेकते. ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोमवरून शास्त्रज्ञांनी अक्षरांना क्रमांक दिले आहेत. त्यानुसार हे २०५८ वे अक्षर आहे. जिवाणूंत तिथे 'ए' म्हणजे ॲडेनिन असते, माणसाच्या ८०-एस रायबोसोममध्ये 'जी' म्हणजे ग्वानिन असते. दोन्ही अक्षरांचे रेणू जवळपास सारखे आहेत, पण ग्वानिनला एका कोपऱ्यात एक जास्तीचा अमिनो गट असतो. सकाळच्या विरार लोकलच्या दारात एक प्रवासी आडवा उभा राहिला, की आत रिकामी जागा असूनही चढता येत नाही. तो अमिनो गट औषधाच्या साखरेला तसाच अडवतो. आपल्या रायबोसोमला हे औषध धरता येत नाही, ते या अडथळ्यामुळे.

हे अक्षर एकटेच सारे ठरवते का, याचाही प्रयोग झाला. यीस्ट ही आपल्यासारखीच ८०-एस रायबोसोमची पेशी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी यीस्टच्या रायबोसोममधील त्या जागचा 'जी' बदलून 'ए' केला. तरीही यीस्ट मॅक्रोलाइडला बळी पडले नाही. उलट दिशेने मात्र फरक लगेच दिसतो. जिवाणूत 'ए'चा 'जी' झाला, की औषध निकामी होते. म्हणजे आपल्या संरक्षणाचे थर एकापेक्षा जास्त आहेत. जिवाणूच्या बाजूने पाहिले, तर त्याचा कमकुवतपणा मुख्यतः या एका अक्षरावर टिकून आहे.

सुनेला औषधाने मळमळ किंवा जुलाब झाले, तर ते रायबोसोममुळे नाही. ते आतड्याच्या हालचालींवर औषधाच्या थेट परिणामामुळे होते. तिला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा ती त्यासाठी औषधे घेत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे.

प्रश्न : शाळेत शिकलो, की आपल्या पेशीतील मायटोकाँड्रिया म्हणजे कधी काळी पेशीत राहायला आलेले जिवाणू. मग जिवाणूंचे रायबोसोम बंद करणारी औषधे मायटोकाँड्रियाला त्रास देत नाहीत का?
— एक विद्यार्थी, मुलुंड

देतात. काही औषधे फार थोडा, काही पुष्कळ, आणि कोणते किती, हे पुन्हा त्याच 'ए' आणि 'जी'वरून समजते.

मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए आहे, १६,५६९ अक्षर-जोड्यांचा, आणि स्वतःचा रायबोसोम आहे. तो फक्त १३ प्रथिने बनवतो, पण ही तेराही प्रथिने ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेची आहेत. त्यांच्याशिवाय पेशीला पुरेशी ऊर्जा मिळत नाही. हा ५५-एस रायबोसोम वंशाने जिवाणूंचा वारसदार आहे, मात्र काळाच्या ओघात त्याचे बरेच तुकडे गळून गेले आणि काही नवे जोडले गेले.

२०५८ या जागी मायटोकाँड्रियाच्या रायबोसोमने 'जी' धारण केला आहे. म्हणून अझिथ्रोमायसिन आपल्या मायटोकाँड्रियालाही जवळपास सोडून देते. आता दुसऱ्या जागेकडे जाऊ. लहान भागात, जिथे संदेश वाचला जातो तिथले १४०८ वे अक्षर. जिवाणूंत तिथे 'ए' आहे, आपल्या ८०-एस रायबोसोममध्ये 'जी' आहे. अमिनोग्लायकोसाइड गटाची औषधे, म्हणजे कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन, याच अक्षराजवळ बसतात. त्यांच्यामुळे रायबोसोम संदेश चुकीचा वाचतो, चुकीची प्रथिने बनतात आणि जिवाणू मरतो. ८०-एस रायबोसोममध्ये पुन्हा तोच ग्वानिनचा अमिनो गट त्यांच्या आड येतो. पण मायटोकाँड्रियात या जागी 'ए'च आहे. इथे आपले संरक्षण अपुरे पडते.

मायटोकाँड्रियाला यातून थोडी सूट मिळते, ती शेजारच्या अक्षरांमुळे. जिवाणूत औषधाच्या जागेजवळ 'सी' आणि 'जी' यांची घट्ट जोडी असते. माणसाच्या मायटोकाँड्रियात तिथे 'सी'समोर 'ए' येतो, त्यांची जोडी नीट जुळत नाही आणि औषधासाठी लागणारी घडी सैल पडते. पण काही कुटुंबांत मायटोकाँड्रियाच्या डीएनएमधील १५५५ व्या जागी 'ए' ऐवजी 'जी' असतो. मग 'सी'-'जी'ची जोडी जमते आणि ती जागा जिवाणूसारखी होते. १९९३ मध्ये हा बदल प्रथम ओळखला गेला, अशा कुटुंबांत जिथे अमिनोग्लायकोसाइड इंजेक्शनांनंतर लोक बहिरे झाले होते.

झ्युरिक विद्यापीठात एरिक बॉट्गर यांच्या गटाने हे फार सुंदर रीतीने तपासले. त्यांनी क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी नातेवाईक मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस घेतला. त्याच्या रायबोसोममध्ये संदेश वाचण्याच्या जागेचा तुकडा काढून तिथे माणसाचा तुकडा बसवला. एका जिवाणूत आपल्या ८०-एसचा, दुसऱ्यात मायटोकाँड्रियाचा, तिसऱ्यात १५५५ चा बदल असलेल्या मायटोकाँड्रियाचा. ८०-एसचा तुकडा घातलेल्या जिवाणूने या औषधांना फारसे जुमानले नाही. मायटोकाँड्रियाचा तुकडा असलेला मधल्या प्रमाणात संवेदनशील निघाला. बदल असलेला त्याहूनही अधिक. माणसाचा कान कुठे दुखावतो, हे त्यांनी जिवाणूच्या आत पाहिले.

कानच का? आतल्या कानातील केसपेशी आवाजाची कंपने टिपतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म वाटांतून ही औषधे आत शिरतात आणि तिथे दीर्घकाळ राहतात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी अतिउंच स्वर ऐकू येईनासे होतात, जे रोजच्या बोलण्यात जाणवत नाहीत. त्यामुळे रुग्णाला कळते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. हा धोका ओळखायचा तर ऑडिओमेट्री उपचाराआधी आणि उपचार चालू असताना ठराविक अंतराने करावी लागते, आणि ती उंच स्वरांपासून तपासावी लागते.

मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांनी आपली हकीकत स्वतः जगासमोर मांडली आहे. आतड्याच्या क्षयावरील उपचारात कॅनामायसिनची इंजेक्शने घेतल्यावर २०१३ मध्ये त्यांचे ऐकू येणे गेले. पुढे २०१९ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याच्या अर्जाला भारतात विरोध नोंदवला. तिसिले यांचेही ऐकणे क्षयाच्या औषधांनी गेले होते. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. बेडाक्विलिन स्वस्त होणे म्हणजे कानाला घातक असलेल्या इंजेक्शनांची गरज संपणे, हा त्यांच्या लढ्याचा अर्थ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कॅनामायसिनचा वापर बंद करण्याची शिफारस केली. आज प्रतिरोधी क्षयावर गोळ्यांवरचेच उपचार चालतात. अमिकासिन फक्त पर्याय उरले नसतील, तेव्हा आणि श्रवण तपासणीसह दिले जाते.

बहुतेकांचे ऐकणे हा १५५५ चा बदल नसतानाही जाते. डोस आणि काळ वाढला की पुरेसे होते. पण आईकडच्या नातलगांपैकी कोणी इंजेक्शनांनंतर बहिरे झाले असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, कारण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात.

प्रश्न : माझ्या मेव्हण्याला औषधांना न जुमानणारा क्षय झाला आहे. सहा महिन्यांचे गोळ्यांचे उपचार चालू आहेत. त्यात लिनेझोलिड आहे. सुरुवातीला दर काही दिवसांनी रक्त तपासायला सांगतात आणि दर भेटीला 'पायाला मुंग्या येतात का' विचारतात. इतकी काळजी कशाला?
— एक वाचक, घाटकोपर पूर्व

तुमच्या मेव्हण्याच्या उपचारात बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधे असतील. या चौघांच्या उपचाराला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिली. पूर्वी अशा क्षयाचे उपचार वीस महिन्यांपर्यंत आणि इंजेक्शनांसह चालत असत.

चौघांपैकी रायबोसोमवर काम करणारे एकटे लिनेझोलिड. ते रायबोसोमच्या मोठ्या भागाच्या अगदी मध्यात, जिथे एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडले जाते, त्या जागी बसते. ही जागा सर्व सजीवांत सर्वाधिक जपलेली आहे. आपल्या ८०-एस रायबोसोममध्ये आजूबाजूची काही अक्षरे वेगळी आहेत, म्हणून तो सुटतो. पण मायटोकाँड्रियाची ती जागा जिवाणूच्या जागेसारखीच आहे. जिवाणूला अडवणाऱ्या प्रमाणाच्या जवळपासच मायटोकाँड्रियाही अडवले जातात.

दोन आठवड्यांच्या उपचारात शरीर हे सोसते. क्षयात मात्र औषध महिनोन्‌महिने द्यावे लागते आणि तेवढ्या काळात तेरा प्रथिनांची कमतरता जमत जाते. तिचा फटका आधी बसतो जिथे पेशी फार वेगाने बनतात तिथे, म्हणजे अस्थिमज्जेत. हिमोग्लोबिन उतरते, प्लेटलेट कमी होतात. रक्ताची तपासणी त्यासाठीच. दुसरा फटका लांब नसांना बसतो, कारण त्यांच्या शेवटपर्यंत ऊर्जा पोहोचवणे फार कठीण असते. म्हणून तक्रार पायाच्या बोटांपासून सुरू होते : मुंग्या, जळजळ, रात्री वाढणाऱ्या वेदना. तिसरा फटका डोळ्यांच्या नसेला. वाचताना धूसर दिसते, लाल-हिरवा रंग फिका वाटतो.

हे किती वेळा घडते, याचा अंदाज दोन मोठ्या अभ्यासांतून येतो. दक्षिण आफ्रिकेतील 'निक्स-टीबी' या चाचणीत १०९ रुग्णांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड आणि दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लिनेझोलिड दिले. ९० टक्के रुग्णांना चांगला परिणाम मिळाला. पण ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला आणि जवळपास निम्म्यांची अस्थिमज्जा मंदावली. पुढच्या 'झीनिक्स' चाचणीत डोस बदलून पाहिले. दिवसाला ६०० मिलिग्रॅम, २६ आठवडे, या गटात ९१ टक्के यश मिळाले. नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आणि अस्थिमज्जेचा २ टक्क्यांवर आला. डोस निम्मा केला तरी जिवाणूचा रायबोसोम अडलेलाच राहिला आणि मायटोकाँड्रियाला सावरायला वाव मिळाला. म्हणूनच आज ६०० मिलिग्रॅम देतात.

मेव्हण्यांना दोन गोष्टी सांगा. मुंग्या किंवा नजरेतला बदल पहिल्या दिवशीच कळवायचा, 'पुढच्या भेटीला सांगू' म्हणायचे नाही. डोळ्यांच्या नसेचे नुकसान वेळीच कळले, तर बहुधा भरून येते, उशीर झाला तर राहून जाते. आणि त्रास होतो म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डोस कमी करायचा, थांबवायचा की सुरू ठेवायचा, हे केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचे. मधुमेह असेल किंवा दारूची सवय असेल, तर नसांना आधीच इजा झालेली असू शकते. ते लपवू नये.

प्रश्न : सगळा फरक एका अक्षराचा असेल, तर जिवाणू ते अक्षर बदलून औषधाला चकवू शकत नाही का?
— एक वाचक, अंधेरी पश्चिम

बदलतो, आणि क्षयाच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते.

ई. कोलायकडे रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांच्या सात प्रती आहेत. एका प्रतीत बदल झाला, तरी इतर सहा जुन्याच राहतात आणि बरेचसे रायबोसोम औषधाला बळी पडतात. क्षयाच्या जिवाणूकडे मात्र एकच प्रत आहे. एक अक्षर बदलले की त्याचे सगळे रायबोसोम बदलतात.

आता त्याचा कॅनामायसिन आणि अमिकासिनविरुद्धचा सर्वांत नेहमीचा बदल पाहा. क्षयाच्या जिवाणूच्या क्रमांकाने १४०१ व्या जागी 'ए'चा 'जी' होतो. ही ई. कोलायच्या क्रमांकाची १४०८ वी जागा, म्हणजे तीच जागा जिथे आपल्या ८०-एस रायबोसोममध्ये 'जी' आहे. जिवाणू प्रतिरोधी होतो, तेव्हा त्या एका जागी तो माणसासारखा होतो. ज्या अमिनो गटाने आपल्याला वाचवले, तोच आता त्याला वाचवतो. म्हणून डोस वाढवणे हा त्यावर उपाय नाही. जिवाणूला गाठेल इतके औषध वाढवायचे, तर त्याआधी कान जातील. तिथे औषध बदलावेच लागते.

२०१२ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या क्षयजंतूंनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद दिली नव्हती, त्यात रायबोसोमवरची इंजेक्शनेही होती. असे जिवाणू एका दिवसात तयार होत नाहीत. अर्धवट उपचार, चुकीची जोडी, एकामागून एक बदललेली औषधे यांतून ते साचत जातात.

आता हे अक्षर थेट वाचता येते. 'लाइन प्रोब असे' नावाच्या तपासणीत थुंकीतील जिवाणूंचा डीएनए वाढवून एका पट्टीवर टाकतात. पट्टीवरची रेषा उमटली किंवा उमटली नाही, यावरून १४०१ च्या जागी 'ए' आहे की 'जी', ते दोन-तीन दिवसांत कळते. जिवाणू वाढवून पाहायला मात्र आठवडे लागतात. तुमच्या ओळखीत कोणाला प्रतिरोधी क्षयाचा संशय असेल, तर उपचार सुरू होण्याआधी हा अहवाल आला का, हे विचारा.

अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत अनेक जिवाणूंनी आणखी साधा मार्ग शोधला आहे. ते २०५८ चे 'ए' बदलत नाहीत, त्याच्यावर एक छोटा मिथाइल गट चिकटवतात. परिणाम तोच, औषधाला जागा मिळत नाही. हे काम करणारे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. सर्दी-खोकल्याला दुकानातून घेतलेला तीन दिवसांचा अझिथ्रोमायसिनचा कोर्स आपल्या घशातल्या आणि आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंमध्ये अशा जनुकाला पुढे येण्याची संधी देतो. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते आणि विषाणूला स्वतःचा रायबोसोम नसतो. तो आपलाच वापरतो. त्यामुळे या औषधाला तिथे लक्ष्यच उरत नाही. पावसाळ्यातल्या पाण्यानंतर डॉक्टर ज्या कारणासाठी आणि ज्या डोसात ते देतात, तेवढ्याच कामासाठी ते घेतले, तर पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ते चालेल.